ती एक रात्र आत्ताच काढून ठेवा

नागपूरकरहो, मे महिन्यातला एक दिवस आठवा. दुपारचे अडीच वाजलेत. पारा पंचेचाळीसच्या पुढं गेलाय. रस्त्यावर कुत्रं नाही. माझ्या दुकानातला फोन सकाळपासून खाली ठेवायला मिळालेला नाही. पलीकडून एक बाई बोलतात, पुण्याहून. त्यांचे आई-वडील इथं प्रतापनगरात वरच्या मजल्यावर राहतात. वडिलांचं वय ऐंशीच्या घरात, आईला बीपीची गोळी. एसी सकाळी अकराला बंद पडला. "दादा, आज कुणाला तरी पाठवा ना. पैशाचं बघू नका." मी वही उघडतो. आज बावीस घरं. उद्या बावीस. परवाही तेवढीच. मी सांगतो, "ताई, शुक्रवारी." त्या दिवशी मंगळवार होता.

फोन ठेवताना त्यांनी एक वाक्य म्हटलं, ते अजून कानात आहे. "अहो, पण मार्चमध्ये तर छान चालत होता!"

खरं बोलत होत्या त्या. मार्चमध्ये तो छानच चालत होता. मेमध्ये बंद पडणारे बहुतेक एसी मार्चमध्ये छान चालतात. म्हणून हे आवाहन मेमध्ये नाही, आज करतोय. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत निघून जाते म्हणतात. तिथून होळीपर्यंतचे दिवस आपल्या हातात आहेत. फोन करा. होळीच्या आत करा.

दुकानाच्या जाहिरातीचा मजकूर लिहायला मी एका पोराला सांगितलं होतं. त्यानं लिहून आणलं, 'पहिल्या शंभर ग्राहकांना भरघोस सूट, त्वरा करा.' मी ते खोडलं. सूट दोनशे रुपयांची असेल. तेवढ्यासाठी कुणी फेब्रुवारीत एसीचा विचार करत नाही, आणि करूही नये. लवकर बोलावण्याचा फायदा वेगळाच आहे. तो काय, हे पटवण्यासाठी आधी त्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं.

एसी गारवा तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. टाकण्याचं काम आउटडोअरचं. त्याच्या मागच्या जाळीतल्या नळ्या बाहेरच्या हवेपेक्षा गरम असाव्या लागतात, तरच त्यांच्यातली उष्णता हवेत जाते. मार्चच्या दुपारी बाहेर छत्तीस डिग्री असेल, तर नळ्या पन्नासच्या आसपास तापल्या की काम भागतं. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस. आता त्याच नळ्यांना साठच्या आसपास जावं लागतं. आणि जाळीवर वर्षभराची धूळ, दिवाळीत घासलेल्या भिंतींचा चुना आणि कबुतराची पिसं चिकटलेली असतील, तर सत्तरही पुरत नाही. कॉम्प्रेसर जीव तोडून ढकलतो, करंट जास्त ओढतो, तापतो, आणि शेवटी त्याच्या अंगातलं संरक्षण त्याला बंद करतं. अर्ध्या-पाऊण तासानं थंडावला की पुन्हा सुरू होतो. पुन्हा बंद. घरातली माणसं म्हणतात, "गॅस गेला वाटतं."

इन्व्हर्टर एसी असा धाडकन बंद पडत नाही. तो शहाणा असतो, स्वतःचा वेग उतरवतो. मग मशीन चालू, लाइट चालू, बिल चालू, आणि खोली एकतीसच्या खाली येत नाही. एसीचे टनाचे आकडे बाहेर पस्तीस डिग्री धरून काढतात, हेही लक्षात ठेवा. आपलं गाव पस्तीसला एप्रिलची वाटसुद्धा पाहत नाही. आपल्या मशीनला सगळ्यात अवघड काम सगळ्यात वाईट महिन्यात पडतं. धुळीचा दोष मार्चमध्ये लपून राहतो, मेमध्ये उघडा पडतो.

तर आता तुमचं काम. सोपं आहे, फुकट आहे. येत्या रविवारी करा.

दुपारी दोन ते चारच्या मध्ये करा. सकाळच्या गारव्यात केलंत तर काही कळणार नाही, आजारी मशीनही तेव्हा पास होतं. आधी एसीचं पुढचं झाकण उघडा आणि फिल्टरच्या जाळ्या काढा. नळाखाली धुवा, सावलीत वाळवा, परत बसवा. यासाठी मला बोलावू नका. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी तुम्हीच करायचं असतं ते. मग दारं-खिडक्या लावा, एसी कूलवर ठेवा, रिमोटवर सगळ्यात खालचा आकडा लावा, पंखा जोरात. वीस मिनिटं थांबा. आता एक साधा थर्मामीटर घ्या, भिंतीवर टांगतात तसला. तापाचा घेऊ नका, तो इतकं खाली दाखवतच नाही. एसीच्या वरच्या बाजूला, जिथून हवा आत ओढली जाते, तिथं धरा. आकडा लिहा. मग खाली, जिथून गार हवा येते तिथं धरा. दुसरा आकडा लिहा.

दोन्हींतला फरक आठ ते बारा डिग्री असेल, तर तुमच्या मशीनचा आतला कारभार ठीक आहे. वर एकतीस, खाली वीस, म्हणजे अकरा. उत्तम. वर एकतीस आणि खाली सव्वीस आलं तर फरक पाचच. हे मशीन मे महिना काढणार नाही. फोन उचला.

वीस मिनिटं थांबलाच आहात, तर आणखी तीन गोष्टी बघून घ्या. बाहेर जाऊन आउटडोअरची मागची जाळी बघा. बोट फिरवल्यावर करड्या गोधडीसारखा थर निघतोय का? त्याच्यावर कबुतरानं घर केलंय का? घरटं असेल तर हात लावू नका, अंडी असतात, सांगा आम्हाला. दुसरं, पाणी जाणाऱ्या पाइपाचं तोंड बघा. थेंब पडायला हवेत. हिवाळाभर एसी बंद असतो, तेव्हा कुंभारमाशी त्या पाइपात मातीचं घर बांधून जाते. बाहेर थेंब नाही आणि आत भिंतीवर ओघळ, असं दिसलं की बहुतेक वेळा गुन्हेगार तीच असते. तिसरं, प्लग. दोन्ही आकडे लिहून झाले की एसी बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा आणि प्लग काढून त्याच्या पिना बघा. पिवळसर-तपकिरी झाल्यात? सॉकेटचं प्लास्टिक फुगलंय? जळकट वास येतोय? असेल, तर एसी पुन्हा सुरू करू नका. एसीवाल्याच्या आधी वायरमनला बोलावा. दीड टनाचा एसी तासन् तास सात-आठ अँपिअर ओढतो. ढिल्या पिनेत तेवढा करंट सलग वाहिला की तिथंच चूल पेटते. आणि एक्स्टेन्शन बोर्डावर एसी चालवणाऱ्यांना हात जोडून विनंती, आजच्या आज बंद करा. त्याच खोलीत तुमची पोरं झोपतात.

आता मूळ मुद्द्यावर येतो. लवकर बोलावल्यानं नेमकं काय पदरात पडतं? एक रात्र पदरात पडते. कशी, ते माझ्याच एका चुकीतून सांगतो.

धरमपेठेतलं एक घर. नवरा, बायको, तिसरीतली मुलगी, आणि नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी. दीड टनाचा एसी, आर-32 गॅसचा. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला, गार करत नाही. मी स्वतः गेलो. आउटडोअरच्या बारक्या नळीवर बर्फ जमलं होतं. गेज लावलं, गॅस कमी. त्या दिवशी माझ्या यादीत अजून चौदा घरं होती. मी काय केलं? वरून गॅस मारला, खोली गार झाली, आजींनी लिंबू सरबत दिलं, मी निघालो. अडीच हजार रुपये घेतले.

पुढच्या एप्रिलात पुन्हा तोच फोन. पुन्हा मी घाईत. पुन्हा गॅस. पुन्हा अडीच हजार.

इथं एक गोष्ट नीट ऐका, आणि शेजारच्यांनाही सांगा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. दहा वर्षं तोच गॅस चालतो, चालायलाच हवा. कमी झाला याचा अर्थ एकच, कुठंतरी गळतोय. "दर उन्हाळ्यात थोडा गॅस भरावा लागतोच" असं जो सांगतो, तो एकतर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतो. त्या दोन उन्हाळ्यांत मी तोंडानं तसं म्हटलं नाही, पण वागलो तसाच. पाच हजार रुपये त्या घरानं हवेत सोडले, आणि ते मी सोडायला लावले.

तिसऱ्या वर्षी मीच फेब्रुवारीत फोन केला. म्हटलं, वहिनी, यंदा मला दोन दिवस द्या.

पहिल्या दिवशी संध्याकाळी गेलो. मशीनमधला गॅस बाटलीत काढून घेतला आणि वजन केलं. आउटडोअरच्या पाटीवर लिहिलं होतं 950 ग्रॅम. निघाला 610. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त गॅस उडालेला. मग नळ्यांत नायट्रोजन भरला, काटा 300 वर आणला, व्हॉल्व्ह बंद केले आणि घरी आलो. सकाळी गेलो तर काटा 270 वर. रात्रीच्या गारव्यानं दहा-बारा उतरतो, तेवढा हिशेबात धरायचा असतो. तीस उतरला म्हणजे गळती पक्की. मग भांड्यांच्या साबणाचा घट्ट फेस करून ब्रशनं एकेक जोड रंगवला. आत काही नाही. आउटडोअरच्या जाड नळीच्या नटाशी पोहोचलो आणि थांबलो. नटाखाली धुळीचा एक काळपट, तेलकट डाग होता. गॅसबरोबर थोडं तेल फिरत असतं. गॅस जिथून निसटतो तिथं तेल मागं राहतं आणि धूळ त्याला धरते. फेस लावला. पाच-सात सेकंदांनी मोहरीएवढा एक बुडबुडा. फुटला. पुन्हा एक.

तो डाग दोन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होता. मी पाहिला नव्हता.

नळीचं पसरट तोंड, ज्याला आम्ही फ्लेअर म्हणतो, त्याला केसाएवढी चीर होती. मशीन बसवताना कुणीतरी नट जास्त आवळला होता. तोंड कापलं, नवीन केलं, बेताचं आवळलं. परत नायट्रोजन, परत फेस, यावेळी बुडबुडा नाही. मग व्हॅक्यूम पंप चाळीस मिनिटं लावला, आतली हवा आणि ओल पुरती काढली, आणि वजनकाट्यावर मोजून 950 ग्रॅम भरला. ही गोष्ट होऊन तीन उन्हाळे झाले. त्या मशीनला नंतर गॅस लागलेला नाही.

हे काम मला मे महिन्यात का जमलं नाही? येत नव्हतं म्हणून नव्हे. ती एक रात्र नव्हती म्हणून. मशीन रात्रभर उघडं ठेवायचं तर घर रात्रभर एसीविना राहायला हवं. फेब्रुवारीत राहता येतं, पंखासुद्धा लागत नाही. मे महिन्यात, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी पलंगावर असताना, कोण म्हणेल "उद्या या, आज नुसतं तपासा"? तुम्ही म्हणणार नाही, मी म्हणवणार नाही. मग दोघं मिळून गॅस मारतो आणि रोग तसाच ठेवतो. मेमधला मेकॅनिक वाईट नसतो हो. त्याच्या हातात वेळ नसतो आणि तुमच्याही नसतो. तो वेळ आत्ता आहे. आत्ताच द्या.

घाईचा आणखी एक धोका आहे. आमच्याच धंद्यातला आहे, पण सांगायलाच हवा. गळती शोधायला नायट्रोजनच लागतो. मे महिन्यात धावपळीत कुणाकडं नायट्रोजनची टाकी नसते, वेल्डिंगच्या ऑक्सिजनची असते. "तोच भरून बघू, हवाच तर आहे." नाही! कॉम्प्रेसरच्या तेलाशी दाबाखालचा ऑक्सिजन आला की स्फोट होतो. माणसं गेली आहेत यात. तुमच्या घरी कुणी नळ्यांत दाब भरत असेल, तर न लाजता विचारा, "टाकी कशाची?" नायट्रोजन हे उत्तर आलं नाही, तर काम थांबवा. मी असलो तरी थांबवा. आर-32 गॅस जळू शकतो, हेही ध्यानात असू द्या. तो सोडताना खिडकी उघडी हवी, जवळ उदबत्ती किंवा निरांजन नको.

आता फेब्रुवारीत बोलावलंत तर साध्या सर्व्हिसिंगला काय होतं, तेही सांगतो. मेमध्ये आम्ही एका मशीनला पंचवीस मिनिटं देतो. फिल्टर धुतो, पुढून फुंकर मारतो, आउटडोअरवर दोन बादल्या पाणी, झालं. होळीच्या आत बोलावणाऱ्या घराला आम्ही दीड तास देऊ. हा शब्द आहे. इनडोअरखाली प्लास्टिकची झोळी बांधू, बोर्ड झाकू आणि कॉइल आणि मागचा गोल ब्लोअर जेटनं धुऊ. झोळीतून बादलीत पडणारं पाणी बघायला तुम्ही उभे राहा. मी मुद्दाम सांगतो, उभे राहा. काळं निघतं ते, पहिल्या मिनिटाला अगदी गटाराचं. ती बुरशी आणि धूळ गेले सहा महिने तुमच्या नाकात जायची वाट बघत होती. आउटडोअरचं कव्हर काढून जाळी आतून बाहेर धुऊ. बाहेरून आत जेट मारला की धूळ आणखी खोल बसते, ही चूक नवी पोरं नेहमी करतात.

मग कपॅसिटर मोजू. कॉम्प्रेसरला धक्का देऊन सुरू करणारा हा डबीएवढा भाग. त्यावर पन्नास लिहिलेलं असतं, आणि मीटरवर अडतीस येतं. अशा कपॅसिटरवर मशीन आजही सुरू होईल. मेच्या संध्याकाळी मोहल्ल्यातले सगळे कूलर आणि एसी एकदम चालू झाले आणि व्होल्टेज पडलं, की कॉम्प्रेसर नुसता हुं हुं करेल आणि उठणार नाही. हा भाग आज चार-पाचशे रुपयांत दहा मिनिटांत बदलतो. न बदलल्यामुळं कॉम्प्रेसर जळला, तर हजारांत जातो. फेब्रुवारीत हा भाग बाजारात सहज मिळतो. मे महिन्यात मात्र हव्या त्या आकड्याचा नसतो, आणि मग कुणीतरी जवळच्या आकड्याचा बसवून देतं.

आणि दुसरी फेरी. होळीच्या आत काम करून घेणाऱ्या प्रत्येक घरी आम्ही एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात पुन्हा एकदा येऊ, वेगळे पैसे न घेता. तेव्हा ऊन चाळिसाला टेकलेलं असतं. तोच थर्मामीटर, तेच दोन आकडे. फेब्रुवारीत अकराचा फरक होता आणि एप्रिलात आठवर आला, तर बारीक गळती किंवा दुसरं काही दडलंय, हे मे उजाडण्याआधी कळेल. एका भेटीत हे कुणालाच कळत नाही, मलाही नाही. त्यासाठी दोन भेटी लागतात आणि मध्ये दीड-दोन महिने लागतात. जो मेमध्ये फोन करतो, त्याला मी हे कितीही पैसे घेऊन देऊ शकत नाही. लवकर बोलावण्याचा फायदा म्हणतो, तो हा.

सगळ्यांनीच बोलवायला हवं असंही नाही. मशीन नवीन आहे, वॉरंटीत आहे, तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला सांगा, आम्हाला हात लावू देऊ नका. पण तिथंही आत्ताच सांगा, रांग तिथंही लागते. मागच्या वर्षी पूर्ण धुऊन घेतलंय, रविवारी फरक दहा आला, जाळी स्वच्छ दिसते, तर पैसे ठेवा खिशात. आमच्याकडं कामाची कमी नाही. कमी आहे ती मे महिन्यातल्या दिवसांची.

त्या दिवसांत काय पणाला लागतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्याकडं 2013 च्या मेमध्ये पारा 47.9 वर गेला होता. वरच्या मजल्यावर स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारा वाजेपर्यंत ती धग खाली सोडत राहतो. तरण्याताठ्या माणसाला त्रास होतो, तो पाणी पिऊन, गच्चीवर झोपून निभावून नेतो. म्हाताऱ्या माणसाला तहान लागल्याचं कळतच नाही. लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर अंगातलं पाणी आणखी लवकर उतरतं. तान्ह्या बाळाला घामही नीट येत नाही आणि सांगताही येत नाही. अशा घरात एसी म्हणजे चैन राहत नाही. एवढं करूनही मशीन बंद पडलंच, तर मेकॅनिकची वाट बघत त्याच बंद खोलीत बसून राहू नका. आजी-आजोबांना खालच्या मजल्यावर, शेजाऱ्यांच्या कूलरसमोर न्या, अंग ओल्या फडक्यानं पुसत राहा. माणूस बरळायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर थेट दवाखाना गाठा. एसी नंतर बघू.

आणि आमची पोरं. तिसऱ्या मजल्याच्या सज्ज्यावर एक हात खिडकीला, एका हातात पान्हा. मे महिन्यात दुपारी दोनला आउटडोअरचा पत्रा इतका तापलेला असतो की उघडा हात टेकवता येत नाही. पोरगं घाईत असतं, खालून फोन वाजत असतो, पट्टा बांधायला दोन मिनिटं लागतात आणि ती दोन मिनिटं वाचवावीशी वाटतात. मी दम देतो, तरी वाटतात. फेब्रुवारीच्या उन्हात तेच पोरगं नीट पट्टा बांधतं, नीट पाय ठेवतं. तुम्ही आज फोन केलात, तर मे महिन्यात त्याच्या यादीतलं एक घर कमी होतं. तुमची आई त्याला ताक देते, पाणी विचारते, हे मला माहीत आहे. तेवढीच माया दोन महिने आधी दाखवा.

म्हणून सांगतो, उठा. रविवारपर्यंत थांबायचं कारण नसेल तर आज दुपारीच करा. फिल्टर धुवा, दोन आकडे लिहा. फरक आठच्या खाली असेल तर लगेच कळवा. तुमच्या बिल्डिंगमधल्या चार-पाच घरांना विचारा आणि एकाच दिवसाचं बोलावणं द्या. आमची शिडी आणि जेटचा पंप एकदाच चढतो, आणि वाचलेला वेळ तुमच्याच मशीनला मिळतो. मजल्यावर कुणी एकटे वयस्कर राहत असतील, तर त्यांच्या घरी जाऊन थर्मामीटर तुम्हीच लावा. त्यांची मुलं पुण्यात, बेंगळुरूत, कुठं कुठं आहेत. त्यांच्या फोनची वाट बघू नका. आणि पुण्यात-बेंगळुरूत बसून हे वाचत असाल, तर आई-बाबांना विचारू नका, "एसी ठीक आहे ना?" ते "हो" म्हणतील. ते नेहमी "हो" म्हणतात. त्यांना दोन आकडे विचारा.

होळीनंतरही आम्ही येऊ. नवतपातही येऊ, रात्री नऊलाही येऊ, ते आमचं कामच आहे. पण तेव्हा दीड तास देता येणार नाही आणि ती एक रात्रही देता येणार नाही.

फोन करताना एवढं तयार ठेवा. एसी किती वर्षांचा, गॅस कोणता आणि किती ग्रॅम ते आउटडोअरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. हात पोहोचत असेल तर मोबाइलनं त्या पाटीचा फोटो काढा, नसेल तर राहू द्या. रविवारचे दोन आकडे. मागच्या तीन वर्षांत गॅस भरला का, किती वेळा. घरात कुणी आजारी, वयस्कर किंवा तान्हं असेल तर तेही सांगा, वहीत त्या घरापुढं मी लाल खूण करतो आणि ती घरं आधी घेतो. तुमचं घर त्यात बसत नसेल आणि तुमची तारीख चार दिवस पुढं गेली, तर रागावू नका. आणि आउटडोअर नेमकं कुठं टांगलंय तेवढं नीट सांगा, गच्चीवर, बाल्कनीत की मागच्या भिंतीवर. शिडी त्या मापाची आणावी लागते.